नोकरी, पदवी आणि रात्रीचा सव्वा तास

नोकरी सांभाळून पदवी करणारे बहुतेक जण वेळापत्रक आखताना आधी घड्याळ बघतात. संध्याकाळी घरी कधी पोहोचतो, जेवण कधी होतं, झोप कधी येते, हे पाहून मधे उरलेल्या जागेत अभ्यास बसवतात. अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून बसताना अशी वेळापत्रकं मी खूप पाहिली आहेत. ती आखीव, रंगीत असतात आणि साधारण गणपतीपर्यंत टिकतात. घड्याळाआधी हिशेब करायला हवा. या सत्रात माझ्याकडे खरोखर किती तास आहेत आणि तेवढ्या तासांत किती विषय बसतात, हे कळल्याशिवाय रोज कधी बसायचं हा प्रश्न सोडवून फारसा उपयोग होत नाही.

हा हिशेब एका उदाहरणावरून करून पाहू. डोंबिवलीला राहणारी, फोर्टमधल्या एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करणारी, पस्तिशीची एक बाई आहे असं धरा. घरात नवरा, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. तिने जुलै सत्रात इग्नूच्या बी. कॉम.ला प्रवेश घेतला आहे. सत्राला चार विषय आहेत, तीन सहा श्रेयांकांचे आणि एक चार श्रेयांकांचा, म्हणजे एकूण २२ श्रेयांक. इग्नूच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. त्यात पुस्तक वाचणं, समंत्रणाची सत्रं, स्वाध्याय लिहिणं, सगळं आलं. २२ गुणिले ३० म्हणजे ६६० तास.

आता दुसरी बाजू. प्रवेश पक्का होऊन अभ्यासाला सुरुवात व्हायला ऑगस्ट उजाडतो आणि डिसेंबरच्या सत्रान्त परीक्षा महिन्याच्या सुरुवातीलाच लागतात. १ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर म्हणजे १७ आठवडे. ६६० तासांना १७ने भागलं तर आठवड्याला जवळजवळ ३९ तास येतात, म्हणजे दुसरी पूर्णवेळ नोकरीच. आपल्या बाईंना आठवड्याला किती तास मिळू शकतात? सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार रात्री सव्वा तास, म्हणजे पाच तास. शनिवारी संध्याकाळी दोन आणि रविवारी दुपारी चार ते सात असे तीन. झाले दहा तास. १७ आठवड्यांतून एक गणपतीचा जाईल, एक दिवाळीचा आणि एक आजारपणात किंवा कुणाच्या लग्नात. उरले १४ आठवडे, म्हणजे १४० तास.

६६० आणि १४० या दोन आकड्यांमधली दरी पहाटे चारला उठून भरून निघत नाही. श्रेयांकांचे तास विषय पूर्ण नवा असलेल्या विद्यार्थ्याला धरून असतात आणि नोकरीत शिकलेलं बरंच काही आपल्या मदतीला येतं, हे खरं आहे. तरीही १४० तासांत चार विषय म्हणजे प्रत्येकाला ३५ तास. एवढ्यात पुस्तक एकदा चाळून होतं आणि परीक्षेत चारही विषयांत काठावर उभं राहावं लागतं.

यावर उपाय आहे, पण तो अनेकांना माहीत नसतो. परीक्षा अर्ज भरताना कोणत्या विषयांची परीक्षा द्यायची ते आपण निवडतो. चारही विषय याच सत्रात द्यायला हवेत असं बंधन इग्नूत नाही. राहिलेले विषय जूनच्या परीक्षेला देता येतात आणि मागचे विषय सुटले नसले तरी पुढची नोंदणी करता येते. दूरस्थ शिक्षणातल्या पदव्यांना किमान मुदतीच्या साधारण दुप्पट कमाल मुदत असते, ती नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे. आपल्या अभ्यासक्रमाची नेमकी मुदत माहितीपुस्तकात बघून घ्या. दुसऱ्या विद्यापीठात असाल, उदाहरणार्थ नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात, तर तिथले नियम वेगळे असू शकतात, ते अभ्यासकेंद्रावर विचारा. तर आपल्या बाईंनी या सत्रात दोनच विषय घ्यावेत, असं माझं मत आहे: वित्तीय लेखांकन आणि व्यवसाय संघटन. लेखांकन त्या रोज ऑफिसात जगतात, म्हणून त्याला ६० तास. व्यवसाय संघटन नवं आहे आणि सगळं लेखी उत्तरांचं आहे, म्हणून त्याला ८०. सहा श्रेयांकांच्या विषयाला साठ-सत्तर तास मन लावून दिले तर तो चांगल्या गुणांनी सुटतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

हिशेब झाला, आता घड्याळाकडे वळू. बाई सव्वासहाला ऑफिसातून निघतात, गाडीच्या गर्दीतून आठला घरी येतात. स्वयंपाक, जेवण, मुलाची वही बघणं यात सव्वानऊ होतात. सव्वानऊ ते साडेदहा ही त्यांची वेळ. काहींना जेवणाआधी बसणं जमतं. त्यांनी घरी येण्याआधीच अभ्यास उरकावा, असं मी सांगतो. आपल्याकडे आता बहुतेक उपनगरांत आणि तालुक्याच्या गावांतही अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी त्या सुरू झाल्या, पण महिन्याचे पैसे भरून कुणालाही बसता येतं. स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत सात ते सव्वाआठ बसून मग घरी गेलं, की घरच्यांना पूर्ण माणूस मिळतो. ज्यांच्यावर स्वयंपाकाची किंवा लहान मुलांची जबाबदारी आहे, त्यांना मात्र जेवणानंतरचीच वेळ उरते. त्या वेळी कसं बसायचं, याचा विचार वेगळा करावा लागतो.

दिवसभर काम करून, जेवून, पलंगावर लोडाला टेकून पुस्तक वाचायला घेतलं, तर दहाव्या मिनिटाला डोळे मिटतात. याचा दोष इच्छाशक्तीला देऊ नका. त्या वेळी नुसतं वाचणं हे कामच चुकीचं आहे. रात्रीचा अभ्यास टेबलाशी बसून आणि हातात पेन घेऊनच करायचा. लिहिताना झोप येत नाही असं नाही, पण ती आल्याचं लगेच कळतं. शिवाय परीक्षा तीन तास हाताने लिहायची आहे आणि ऑफिसात आपण आता सहीपुरतंच पेन उचलतो. परीक्षेत दुसऱ्या तासाला बोटं आखडली म्हणून उत्तरं अर्धी सोडणारे विद्यार्थी मी दर सत्रात बघतो.

सव्वा तासाची वाटणी अशी. पहिली दहा मिनिटं आदल्या अभ्यासाची. पुस्तक बंद ठेवायचं आणि मागच्या वेळी केलेलं जेवढं आठवतं तेवढं कोऱ्या पानावर लिहायचं. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते वेगळ्या शाईने भरायचं. याला संशोधनाचा चांगला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत जास्त आठवलं, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्यावर ‘येतंय’ असं वाटतं, ते त्या रात्रीपुरतं खरं असतं. परीक्षा डिसेंबरात आहे.

पुढची पन्नास मिनिटं नव्या भागाची. इथे वारानुसार विषय ठरलेला असावा, म्हणजे आज काय घ्यायचं यात वेळ जात नाही. आपल्या बाईंचे सोमवार-मंगळवार लेखांकनाचे: घसाऱ्याचं किंवा तेरजेचं एक उदाहरण, उत्तर झाकून, पहिल्या नोंदीपासून शेवटच्या बेरजेपर्यंत. गुरुवार-शुक्रवार व्यवसाय संघटनाचे: गुरुवारी घटक वाचून समासात टिपणं, शुक्रवारी त्याच घटकावरच्या एका प्रश्नाचं पूर्ण उत्तर. शनिवारचे दोन तास स्वाध्यायाचे. रविवारी दुपारी सगळ्यात अवघड भाग, कारण आठवड्यात तेवढं ताजं डोकं फक्त रविवारीच असतं. शेवटची पंधरा मिनिटं आवरायची. आज कुठे थांबलो आणि पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते एका ओळीत लिहायचं, पुस्तक त्याच पानावर उघडून वर पेन ठेवायचं. या पंधरा मिनिटांना लोक कात्री लावतात आणि मग पुढच्या वेळी बसल्यावर कुठून सुरू करायचं हे शोधण्यातच वीस मिनिटं घालवतात.

बुधवार मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे. बुधवार हा राखीव वार. सोमवारी ऑफिसात उशीर झाला तर सोमवारचं काम बुधवारी. काहीच बुडालं नसेल तर बुधवारी सुट्टी, आणि ती खरोखर घ्यायची. मात्र बुडालेलं काम आठवड्याच्या पलीकडे न्यायचं नाही. शिल्लक पुढच्या आठवड्यावर टाकत गेलं, की तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती एवढी साठते की वही उघडायलाच नको वाटतं. बुधवारी न भरलेलं सोडून द्या आणि पुढच्या सोमवारी ठरलेल्या घटकापासून सुरुवात करा. सुटलेल्या भागाची पानं चिमट्याने बांधून ठेवा. ती शेवटच्या चार आठवड्यांत बघता येतात.

नोकरीचं कॅलेंडरही या वेळापत्रकात आधीच बसवायला हवं. आपल्या बाई हिशेब विभागात आहेत. म्हणजे दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ला आणि २०ला जीएसटीची विवरणपत्रं. या तारखांच्या आदल्या संध्याकाळी घरी यायला उशीर होतोच. त्या रात्री आधीच कोऱ्या सोडल्या, तर अभ्यास बुडाल्याची खंत राहत नाही. शाळेत शिकवणाऱ्याला चाचणी परीक्षांचे पेपर तपासण्याचे दिवस असतात, दुकानदाराला सणांच्या आधीचा पंधरवडा, परिचारिकेला रात्रपाळीचा आठवडा. ज्याचा त्याने ओळखून आधी खोडावा आणि तास त्यानंतर मोजावेत.

आता आठवणींबद्दल, म्हणजे मोबाइलच्या घंटांबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने रोज नऊ वाजताचा ‘अभ्यास’ असा गजर लावलेला असतो आणि जवळजवळ प्रत्येक जण तो बंद करून हातातलं काम पुढे चालू ठेवतो. याची दोन कारणं आहेत. एक, नऊ वाजता हात कणकेत असतात. ज्या क्षणी उठून बसता येणार नाही, त्या क्षणी वाजलेली घंटा आपल्याला घंटा न ऐकण्याची सवय लावते. दोन, ‘अभ्यास’ या शब्दात करण्यासारखं काहीच नाही. कुठला विषय, कुठलं पान, हे ठरवायचं काम तसंच उरतं, आणि थकलेल्या माणसाला नेमकं तेच नको असतं.

पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलेला मुद्दा इथे उपयोगी आहे. ‘मी जास्त अभ्यास करीन’ अशा संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं बांधलेलं वाक्य कृतीत उतरण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणून सुरुवातीची खूण शक्यतो घड्याळाला न बांधता रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. आपल्या बाईंसाठी ती खूण म्हणजे ओटा पुसून झाला की फडकं वाळत टाकणं. फडकं टाकलं की टेबल. घंटा असावी ती या खुणेच्या मागे, सव्वानऊला, फक्त आधार म्हणून. ओटा अजून आवरलेला नसेल तर उरलेलं काम नवऱ्याकडे सोपवण्याची ती वेळ आहे, आणि हे घरात आधीच बोलून ठरलेलं असावं. घंटा झाली की टीव्हीचा आवाज कमी करायचा, हे मुलाकडे सोपवलं तर मुलं ते काम मोठ्या इमानाने करतात.

घंटेवरचा मजकूर आदल्या वेळच्या त्या एका ओळीतून घ्यायचा. ‘अभ्यास’ असं न लिहिता ‘घसारा, उदाहरण ४, उत्तर झाकून’. ‘व्यवसाय संघटन वाचणे’ असं न लिहिता ‘भागीदारी आणि कंपनी यांतले फरक, न बघता वहीत’. हे लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि घंटा वाजते तेव्हा ठरवायचं काही शिल्लक राहत नाही.

मोबाइलमधे दोन प्रकारच्या सूचना असतात, त्यांची गल्लत करू नका. रोजच्या सुरुवातीसाठी घड्याळाच्या ॲपमधला गजर वापरा. त्याला नाव देता येतं, वार निवडता येतात आणि ‘व्यत्यय नको’ चालू असतानाही तो सहसा वाजतो. कामांच्या यादीची वेगळी ॲप्स उतरवून घेतली, तर काही फोनांत बॅटरी वाचवण्याची सोय त्यांना झोपवून टाकते आणि सूचना तासाभराने येते किंवा येतच नाही. असं होत असेल तर फोनच्या सेटिंगमधे त्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढा. तारखांसाठी मात्र कॅलेंडर हवं, कारण एकाच नोंदीला त्यात अनेक आगाऊ सूचना लावता येतात. सव्वानऊचा गजर बंद केल्यावर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा. तो हातात राहिला तर अभ्यासाची आठवण करून देणारं यंत्रच अभ्यास खातं. साडेदहाला दुसरा गजर होतो, तो उठण्याचा. तो दुसऱ्या खोलीतून ऐकू येईल एवढा मोठा ठेवा आणि पहिल्याइतकाच पाळा. वाक्य अर्धवट असलं तरी उठायचं. आज अकरा, उद्या साडेअकरा असं केलं, की त्याची किंमत पुढच्या दिवशीच्या लोकलमधे आणि परवाच्या अभ्यासात मोजावी लागते. सव्वानऊला चहाही नको. चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

तारखांच्या सूचना वेगळ्या काळजीने लावायच्या, कारण तिथे एक चूक म्हणजे पूर्ण सत्र. इग्नूत बहुतेक विषयांत ३० टक्के भार स्वाध्यायाला आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला असतो. स्वाध्याय दिल्याशिवाय त्या विषयाच्या परीक्षेला बसता येत नाही. तो आपल्या हस्ताक्षरात आणि आपल्याच सत्राच्या प्रश्नपत्रिकेवर लिहावा लागतो. मागच्या सत्राची प्रश्नपत्रिका उतरवून सगळी उत्तरं लिहून आणणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं. स्वाध्यायाची शेवटची तारीख दर सत्रात संकेतस्थळावर जाहीर होते. बरेचदा मुदत वाढते, पण वाढणार हे धरून चालू नका.

ही तारीख कॅलेंडरमधे नोंदवा, पण काम मागून पुढे मोजा. आपल्या बाईंना दोन स्वाध्याय द्यायचे आहेत आणि एका स्वाध्यायाला तीन शनिवार लागतात, म्हणजे सहा शनिवार. मधे गणपतीचा एक जाईल, म्हणून सात. तर शेवटच्या तारखेच्या सात आठवडे आधी पहिली सूचना: ‘या सत्राची प्रश्नपत्रिका उतरवून छापून घेणे, वरचं सत्र आणि वर्ष तपासणे’. चार आठवडे आधी दुसरी: ‘लेखांकनाचा स्वाध्याय पूर्ण, दुसरा सुरू’. एक आठवडा आधी तिसरी: ‘दोन्ही जमा करणे, पोच घेणे, पोचेचा फोटो काढणे’. पोचेबद्दल मी फार आग्रही आहे. निकालात स्वाध्यायाचे गुण न दिसण्याची तक्रार दर वर्षी येते आणि त्या वेळी हातात पोच असलेल्याचंच काम लवकर होतं. परीक्षा अर्जाची नोंद वेगळी ठेवा. तो जाहीर झाल्यावर विलंब शुल्काशिवायच्या तारखेला नोंद करा, विलंब शुल्कासहच्या तारखेला नको.

पुस्तकं पोस्टाने यायला वेळ लागला तर थांबू नका. इग्नूचं अभ्याससाहित्य ‘ई-ज्ञानकोश’ या विद्यापीठाच्या संग्रहात पीडीएफ रूपात मोफत असतं. पहिले दोन घटक छापून घेतले तर ऑगस्टचा पहिला आठवडा वाया जात नाही.

हे वेळापत्रक चालतंय की नाही, हे कळायला महिनाभर पुरतो. वहीच्या शेवटच्या पानावर वारांचे रकाने पाडा. बसलात त्या दिवशी बरोबरची खूण, नाही बसलात तर कारण एका शब्दात. महिनाअखेर रकाना उभा वाचा. चारांपैकी तीन शुक्रवार बुडाले असतील, तर शुक्रवारी तुमच्या घरी किंवा ऑफिसात काहीतरी ठरलेलं आहे आणि अभ्यासाचा वार बदलायला हवा. शुक्रवार सोडून बुधवार घ्या आणि शुक्रवारला राखीव करा. सगळेच वार तुरळक बुडत असतील आणि कारण ‘झोप’ असेल, तर वेळ चुकली आहे. मग अभ्यासिकेचा किंवा पहाटेचा विचार करा. बसणं रोज होतंय पण घटक पुढे सरकत नसतील, तर वाचन जास्त आणि लेखन कमी होतंय. आणि दोन महिन्यांत ठरलेल्या तासांच्या निम्मेही भरले नसतील, तर परीक्षा अर्ज भरताना एकच विषय ठेवा. एक विषय नीट सोडवलेलं सत्र फुकट गेलं असं मी कधीच मानत नाही.

नोव्हेंबर लागला की वेळापत्रक बदलतं. नवे घटक ऑक्टोबरअखेर थांबवायचे, मग ते संपलेले असोत वा नसोत. मागच्या प्रश्नपत्रिका इग्नूच्या संकेतस्थळावर मिळतात. रात्रीच्या सव्वा तासात एक मोठं उत्तर आणि दोन टिपा, घड्याळ लावून. रविवारी संपूर्ण पेपर, आणि तो परीक्षेच्याच वेळी. इग्नूचे पेपर सकाळी दहा ते एक किंवा दुपारी दोन ते पाच असतात. चार महिने रात्रीच लिहिणाऱ्या हाताला आणि डोक्याला दुपारी दोनची सवय करून द्यावी लागते. ऑफिसात रजेचा अर्ज परीक्षेच्या वेळापत्रकाची प्रत जोडूनच द्या. ते जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज जायला हवा, कारण डिसेंबरात रजा मागणारे आपण एकटे नसतो. त्यासाठीही कॅलेंडरमधे ऑक्टोबरपासून दर सोमवारची एक सूचना लावून ठेवा: ‘परीक्षेचं वेळापत्रक आलं का बघणे’.